पैसे गेले नाहीत, तरी नफा कसा घटला?

प्रश्न : माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, 1 एप्रिल 2024 ला सुरू केलं. हिशेब टॅलीवर मीच लिहितो. शिल्लक माल आणि घसारा धरून 31 मार्च 2025 ला नफा 1,63,400 रुपये दिसत होता. सीएंकडून अंतिम हिशेब आले, त्यात मात्र नफा 1,43,090. म्हणजे 20,310 रुपये कमी. त्या दिवशी मी कुणाला एक रुपयाही दिलेला नाही. विचारलं तर म्हणाले, "देणे खर्च आणि आगाऊ खर्चाच्या समायोजन नोंदी केल्या." न दिलेल्या पैशांनी नफा कमी कसा होतो? खर्चाची यादी सोबत जोडली आहे.
— एक दुकानदार, कराड

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही जोडलेल्या यादीतच आहे. भाड्याच्या खात्यावर 1,65,000 रुपये पडलेत. भाडं महिना 15,000. भागून पाहा, अकराच महिने येतात. दुकान मात्र बारा महिने उघडं होतं. तुम्ही प्रत्येक महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला देता, त्यामुळे मार्चचं भाडं 5 एप्रिलला गेलं आणि या वर्षाच्या खात्यावर ते आलंच नाही. मार्चमध्ये त्या गाळ्यात बसून केलेली विक्री मात्र या वर्षाच्या नफ्यात पुरेपूर धरली गेली आहे. विक्री बारा महिन्यांची आणि भाडं अकरा महिन्यांचं, अशा वजाबाकीतून आलेला आकडा फुगलेलाच असणार.

तुमची वही पैसे कधी गेले ते सांगते. नफा काढताना विचारायचं असतं वेगळंच : या वर्षात कोणत्या गोष्टीचा उपभोग घेतला आणि त्याची किंमत किती? या दोन प्रश्नांची उत्तरं वर्षभर साधारण जुळत जातात. 31 मार्चला जिथे ती जुळत नाहीत, तिथे समायोजन नोंद करावी लागते. तुमच्या यादीत अशा पाच जागा आहेत, आणि त्या दोन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार उपभोग झाला, पैसे द्यायचे राहिले, असा. हा अदत्त खर्च. बोलताना आपण त्याला देणे खर्च म्हणतो. मार्चचं भाडं 15,000. दोन मदतनिसांचा मार्चचा पगार 24,000, जो तुम्ही 7 एप्रिलला दिला. आणि विजेचं बिल. शेवटचं भरलेलं बिल 10 मार्चच्या रीडिंगपर्यंतचं होतं. पुढचं बिल 11 मार्च ते 10 एप्रिल अशा 31 दिवसांचं, 3,410 रुपयांचं आलं. म्हणजे दिवसाला 110 रुपये. त्यातले 21 दिवस मार्चमधले, म्हणून 2,310 रुपये या वर्षाचे. उरलेले 1,100 पुढच्या वर्षाचे. तिन्ही मिळून देणे झालं 41,310 रुपये.

दुसरा प्रकार याच्या उलट. पैसे गेले, पण उपभोग अजून बाकी आहे. हा पूर्वदत्त खर्च. दुकानाच्या विम्याचा 14,600 रुपयांचा हप्ता तुम्ही भरला, तो 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2025 या 365 दिवसांसाठी, म्हणजे दिवसाला 40 रुपये. मार्चअखेर त्यातले 90 दिवस सरले, म्हणजे 3,600 रुपये खर्ची पडले. उरलेल्या 275 दिवसांचे 11,000 रुपये विमा कंपनीकडे तुमच्या नावाने शिल्लक आहेत, असं समजा. कॅमेरे आणि संगणकाच्या देखभालीचा वार्षिक करार 1 फेब्रुवारीपासूनचा, 12,000 रुपयांचा. त्यातले दोनच महिने वापरले गेले, 10,000 पुढचे. आगाऊ गेलेली रक्कम एकूण 21,000.

आता दोन्ही बाजू शेजारी मांडू.

| खर्च | वहीत पडलेला | वर्षाचा खरा |
|---|---|---|
| भाडे | 1,65,000 | 1,80,000 |
| पगार | 2,64,000 | 2,88,000 |
| वीज | 31,000 | 33,310 |
| विमा | 14,600 | 3,600 |
| देखभाल करार | 12,000 | 2,000 |
| एकूण | 4,86,600 | 5,06,910 |

मालाची किंमत आणि घसारा वजा जाऊन तुमच्याकडे 6,50,000 उरत होते. त्यातून 4,86,600 वजा केले की तुमचे 1,63,400 येतात. 5,06,910 वजा केले की सीएंचे 1,43,090. देणे खर्चाने नफा 41,310 ने खाली आणला, आगाऊ खर्चाने 21,000 ने वर उचलला, आणि निव्वळ फरक 20,310 राहिला. आगाऊ खर्चाची बाजू जड असती तर तुमचा नफा वाढलाही असता. समायोजन म्हणजे नफ्याला कात्री, असं काही नाही.

सीएंनी केलेल्या नोंदी रोजकीर्दीत अशा दिसतात :

भाडे खाते … नावे 15,000
  अदत्त भाडे खात्याला 15,000
(मार्च 2025 चे भाडे देणे असल्याबद्दल)

पूर्वदत्त विमा खाते … नावे 11,000
  विमा खात्याला 11,000
(1 एप्रिल ते 31 डिसेंबर 2025 या काळाचा विमा पुढे ओढल्याबद्दल)

दोन्ही नोंदींत रोकड किंवा बँक कुठेच नाही, हे पाहा. म्हणूनच 31 मार्चला पैशाची हालचाल न होताही नफा बदलतो. प्रत्येक नोंदीचं एक टोक नफा-तोटा खात्यात असतं आणि दुसरं ताळेबंदात. अदत्त भाडे देयतेच्या बाजूला बसतं, पूर्वदत्त विमा चालू मालमत्तेत. ताळेबंदात देणी 41,310 ने वाढली, मालमत्ता 21,000 ने वाढली. फरक 20,310. तेवढाच नफा कमी होऊन तुमच्या भांडवलात कमी मिळाला, म्हणून दोन्ही बाजू पुन्हा जुळल्या.

हे पटत नसेल तर एक पडताळा करून पाहा. समजा मार्चचं भाडं तुम्ही 31 मार्चलाच दिलं असतं. मग बँकेतली शिल्लक 15,000 ने कमी झाली असती, भाडे खात्यावर बारा महिने आपोआप आले असते आणि समायोजनाची गरजच उरली नसती. नफा मात्र तोच, 1,43,090. तुम्ही पैसे 31 तारखेला देता की 5 तारखेला, यावर नफा हलू नये. या नोंदी नेमकं तेवढंच साधतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गाळ्यासाठी मालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम पूर्वदत्त खर्चात घालू नका. ती दिवसागणिक झिजत नाही, गाळा सोडताना परत मिळते. ती अनामत म्हणूनच ताळेबंदात राहते आणि नफ्याला हात लावत नाही.

प्रश्न : ताळेबंद तयार करायच्या वेळी विजेचं बिल हातात आलेलंच नसेल तर? अंदाजाने रक्कम धरली तर हिशेब खोटा नाही का ठरणार?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बिल आलं नाही म्हणून वीज वापरलीच नाही, असं लिहिणं हा जास्त मोठा खोटेपणा. शून्य हाही एक अंदाजच आहे, आणि तो हमखास चुकीचा आहे.

बहुतेक वेळा अंदाजाची पाळीच येत नाही. हिशेब 31 मार्चपर्यंतचे असले तरी ते पुरे व्हायला आठवडे जातात, आणि तेवढ्यात एप्रिलचं बिल हाती पडतं. मग वरच्यासारखे दिवस मोजून हिस्सा काढायचा. बिल आलं नसेल तर 31 मार्चला संध्याकाळी मीटरचा फोटो काढून ठेवा. मागच्या बिलावरचं रीडिंग आणि हे रीडिंग यांतला फरक म्हणजे न आकारलेली युनिटं. त्यांना मागच्या बिलाचा युनिटमागे पडलेला दर लावा. दुकानात एसी असेल तर दिवसांच्या हिशेबापेक्षा हाच मार्ग बरा, कारण मार्चअखेरच्या उन्हात रोजचा वापर सारखा राहत नाही.

समजा तुम्ही 2,200 धरले आणि खरा हिस्सा 2,310 निघाला. तर मागच्या वर्षाचे हिशेब पुन्हा उघडायचे नाहीत. 110 रुपयांचा फरक नव्या वर्षाच्या वीज खात्यावर पडू द्या. अंदाज प्रामाणिक असेल तर एवढ्या फरकाने कुणाचा निर्णय बदलत नाही. कोणत्या आधाराने रक्कम काढली ते नोंदीखालच्या स्पष्टीकरणात एका ओळीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हीच रक्कम तपासताना तुम्हालाच ते उपयोगी पडेल.

प्रश्न : मी एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. मागच्या वर्षी मार्चचं भाडं देणे दाखवलं होतं. या वर्षी तेरीज काढली तर भाडे खात्यावर तेरा महिन्यांचं भाडं आलं. कुठे चुकलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चूक मार्चमध्ये झालेली नाही, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली आहे. समायोजन नोंद केली की काम संपत नाही. तिचं दुसरं टोक नव्या वर्षात उघडं असतं आणि ते बंद करावं लागतं.

वरच्याच कराडच्या दुकानाचे आकडे घेऊ. 31 मार्च 2025 ला 15,000 रुपये अदत्त भाडे म्हणून ताळेबंदात गेले. 5 एप्रिलला मालकाला 15,000 दिले. सवयीने भाडे खाते नावे टाकलं, तर 2025-26 मध्ये बारा वेळा दिलेलं भाडं 1,80,000 होतं. वर्षअखेर मार्च 2026 चे 15,000 पुन्हा देणे धरले की एकूण 1,95,000. तेरा महिने. मार्च 2025 चं भाडं दोन्ही वर्षांच्या नफ्यातून वजा झालं. मागच्या वर्षीची अदत्त रक्कम देयतेत तशीच पडून राहिली, आणि त्यात नवी मिळून ताळेबंद सांगतो की मालकाचे 30,000 देणे आहे. मालकाला विचारलं तर तो एकाच महिन्याचं बाकी सांगेल.

हे टाळायचे दोन मार्ग आहेत. एक, 5 एप्रिलला पैसे देताना भाडे खात्याऐवजी अदत्त भाडे खाते नावे करा. देयता तिथेच फिटते. दुसरा, 1 एप्रिललाच मागच्या नोंदीची उलट नोंद टाका :

अदत्त भाडे खाते … नावे 15,000
  भाडे खात्याला 15,000

म्हणजे नव्या वर्षाचं भाडे खातं 15,000 जमेने सुरू होतं, आणि 5 एप्रिलचं पेमेंट नेहमीसारखं भाडे खात्यावर टाकलं तरी ते आपोआप पुसलं जातं. नोंदी टाकणारा माणूस वेगळा असेल आणि एप्रिलमधलं कुठलं पेमेंट कुठल्या वर्षाचं हे त्याला ठाऊक नसेल, तर हा दुसरा मार्ग सुरक्षित. दोन्हींपैकी एकच वापरा. दोन्ही केले तर अदत्त खातं उलट नावे शिल्लक दाखवायला लागेल, आणि भाडे खात्यावर अकराच महिने उरतील.

आगाऊ खर्चाची गफलत अशी पटकन डोळ्यात भरत नाही. पूर्वदत्त विम्याचे 11,000 रुपये 1 एप्रिल 2025 ला पुन्हा विमा खात्यात आणायला हवेत, कारण एप्रिल ते डिसेंबर हा विमा याच वर्षी संपणार आहे. ते विसरलं तर 2025-26 चा विमाखर्च 11,000 ने कमी आणि नफा तेवढाच जास्त दिसतो. ताळेबंदात मात्र संपून गेलेल्या पॉलिसीची किंमत मालमत्ता म्हणून मिरवत राहते. ओळखायची खूण सोपी आहे. मालमत्तेत पूर्वदत्त विमा दिसला की पॉलिसी काढून तिची शेवटची तारीख पाहा. ती ताळेबंदाच्या तारखेच्या आधीची असेल, तर त्या ओळीत एक रुपयाही राहायला नको.

काही व्यापारी विचारतात की वर्षाला बारा भाडी जातातच, मग ही यातायात कशाला. भाडं स्थिर असेल तर दुसऱ्या वर्षापासून त्यांचं म्हणणं आकड्यापुरतं खरं ठरतं. मागच्या मार्चचं भाडं आत येतं, या मार्चचं बाहेर जातं. पण धंद्याचं पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष आणि दर बदललेलं वर्ष इथे हा जोड तुटतो. एप्रिल 2025 पासून भाडं 16,500 झालं असेल, तर त्या वर्षी दिलेली रक्कम एक जुनं आणि अकरा नवी भाडी मिळून 1,96,500 भरते. खरा खर्च 1,98,000. आणि नफा जुळला तरी ताळेबंद जुळत नाही, कारण देणी त्यात नसतातच. कर्जासाठी बँकेत तोच ताळेबंद द्यायचा असतो.

प्रश्न : बारावी वाणिज्यच्या सरावात कधी अदत्त पगार समायोजनेत देतात, कधी थेट तेरजेत. दोन्हीकडे वागणूक वेगळी का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तेरजेच्या खाली समायोजनेत आलेली बाब अजून पुस्तकात नोंदलेली नाही. तिची पूर्ण नोंद तुला करायची असते, म्हणून दोन परिणाम : पगारात मिळवायचा आणि ताळेबंदाच्या देयता बाजूला दाखवायचा. अदत्त पगार तेरजेतच जमा बाजूला दिसत असेल, तर नोंद आधीच होऊन गेली आहे. तेरजेतल्या पगाराच्या रकमेत तो मिसळलेलाच आहे. पुन्हा मिळवलास तर तोच खर्च दोनदा धरशील. म्हणून तो फक्त ताळेबंदात जातो. पूर्वदत्त विमा तेरजेत नावे बाजूला असेल तरी हेच. विम्यातून वजा करायचा नाही, फक्त मालमत्तेत न्यायचा.

परीक्षेत चुकतं ते बहुधा तारखेपाशी. "विमा 1 ऑक्टोबर 2024 पासून एक वर्षासाठी भरला" असं असेल आणि वर्ष 31 मार्च 2025 ला संपत असेल, तर सहा महिने पूर्वदत्त. पण "वर्षाचा विमा 31 डिसेंबर 2025 ला संपतो" असं लिहिलं असेल, तर नऊ महिने पूर्वदत्त. पैसे भरल्याची तारीख नको पाहूस. कशाच्या काळासाठी भरले ते वाच, आणि आपल्या वर्षाच्या शेवटानंतरचे महिने मोज.

प्रश्न : देणे खर्च दाखवून नफा कमी होतो, म्हणजे आयकरही कमी होतो ना? मग 31 मार्चला जेवढे देणे दाखवता येतील तेवढे दाखवावेत का?
— एक व्यावसायिक, पुणे

उत्तर : जेवढं खरोखर देणं आहे तेवढंच. काम मार्चपर्यंत झालं असेल तरच खर्च मार्चचा. एप्रिलमध्ये छापून मिळणाऱ्या पत्रकांचं कोटेशन मार्चमध्ये आलं, म्हणून तो अदत्त खर्च होत नाही.

कंपनीला या पद्धतीतून सुटका नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार तिने हिशेब उपार्जित तत्त्वावरच ठेवायचे. एकट्याच्या धंद्याला आयकरासाठी रोख किंवा उपार्जित यांपैकी एक पद्धत नेमाने पाळता येते. तुम्ही उपार्जित पद्धत पाळत असाल तर मार्चचं अदत्त भाडं, पगार, वीज हे खर्च एरवी त्याच वर्षी वजा मिळतात.

काही देण्यांना मात्र 2024-25 ला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याने कलम 43ब मध्ये वेगळं काढलं होतं. कामगारांचा बोनस, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा, जीएसटीसारखे कर, बँकेच्या कर्जावरचं व्याज अशा रकमा देणे म्हणून दाखवल्या, तरी विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष भरल्या तरच त्या वर्षी वजा मिळत. नाही तर ज्या वर्षी भरल्या त्या वर्षी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या माल वा सेवेचं देणं कायद्याने ठरवलेल्या मुदतीत फेडलं नाही, तर तेही 2023-24 या आर्थिक वर्षापासून याच कलमात आलं. तिथे तर विवरणपत्राच्या मुदतीची सवलतही नव्हती.

त्यामुळे पुस्तकातला नफा आणि करपात्र उत्पन्न हे दोन वेगळे आकडे निघू शकतात. म्हणून बोनस पुस्तकातून वगळायचा नाही. मार्चपर्यंतच्या कामाचा बोनस मार्चच्या नफ्यातून वजा होणारच. कर काढताना तो परत मिळवायचा की नाही, हे उत्पन्नाच्या गणनपत्रकात ठरतं, आणि भाडे खातं किंवा ताळेबंद त्यासाठी बदलावा लागत नाही.